जसा बोका, तशी भाटी

भाटी हा शब्द मराठीत आता फार थोड्या ठिकाणी जिवंत आहे. गावाकडे एखादी आजी अजून म्हणत असेल, पण शहरात त्याचा मुक्काम पाचवीच्या भाषेच्या सराव पत्रिकेत असतो. ‘मोर : लांडोर :: बोका : ?’ अशी ओळ असते आणि त्या प्रश्नचिन्हाच्या मागे भाटी दबा धरून बसलेली असते. एरवी वर्षभर तिला कुणी हाक मारत नाही. मुलं बेधडक ‘मांजर’ लिहितात. चूक म्हणून खूण केली की दुसऱ्या दिवशी घरून निरोप येतो, “सर, बाबा म्हणाले भाटी हे आडनाव आहे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं.”

शिष्यवृत्ती परीक्षेच्या सराव पत्रिका काढणं हा माझा शाळेनंतरचा उद्योग. परीक्षा पूर्वी चौथीला आणि सातवीला असायची, मग ती पाचवीला आणि आठवीला गेली. वर्ग बदलले तरी बोका आणि भाटी मात्र जागा सोडायला तयार नाहीत. पाचवीच्या पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे 25 प्रश्न असतात आणि दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे 50. हे जोडीचे आणि गटात न बसणाऱ्यांचे प्रश्न दोन्हीकडे डोकावतात. प्रत्येक पेपरात 75 प्रश्न आणि वेळ 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. एवढ्या वेळात मुलानं बोक्याची बायको शोधायची असते.

त्या ओळीतली चार टिंबं मूळची गणितातली. विल्यम ऑट्रेड नावाच्या इंग्रज गणितज्ञानं ती सतराव्या शतकात प्रमाण दाखवायला वापरली. दोनाला चार तसे तिनाला सहा, इथं कुणाचं काही म्हणणं नसतं. दोनाचे आईवडील शाळेत येऊन ‘आमच्या दोनाला पाचसुद्धा चालला असता’ असं म्हणत नाहीत. शब्दांचं तसं नाही. शब्दांच्या जोड्या लावणं म्हणजे स्थळं जुळवण्याचं काम आहे. पत्रिका जुळली तरी घरातल्या कुणाला तरी दुसरंच स्थळ पसंत असतं आणि तेही वाईट नसतं.

जोडी सोडवायची रीत वर्गात सांगायला सोपी आहे. पहिल्या दोन शब्दांचं एक वाक्य करायचं. तेच वाक्य, एकही शब्द न बदलता, दुसऱ्या जोडीला लावून पाहायचं. बसलं तर उत्तर. ‘कुंभार : मडके’ घ्या. मी पर्याय दिले होते: लोहार : ऐरण, शिंपी : कापड, गवंडी : भिंत, न्हावी : केस. वाक्य केलं, ‘कुंभार मडके घडवतो’. लोहार ऐरण घडवत नाही, ऐरणीवर घडवतो. ते त्याचं साधन. कापड हा शिंप्याचा कच्चा माल. न्हाव्याच्या बाबतीत घडवण्याचा प्रश्नच नाही, तो असलेलं कमी करतो. उरला गवंडी, आणि गवंडी भिंत बांधतो, म्हणजे घडवतोच. पत्रिका छापायला गेली आणि मी निश्चिंत झालो.

तपासताना बऱ्याच जणांचं उत्तर ‘शिंपी : कापड’ आलं. मी एका मुलीला विचारलं, “अगं, शिंपी कापड घडवतो का?” ती म्हणाली, “शिवतो की. आजी म्हणते, टेलरकडे कापड शिवायला टाकलंय, दिवाळीपर्यंत दे म्हणावं.” आजीचं मराठी चुकीचं ठरवायची माझी प्राज्ञा नव्हती. कापड शिवून झालं की झगा होतो हे शिंप्याला ठाऊक असतं आणि आजीलाही, पण बोलताना कुणी तेवढं थांबत नाही. त्या मुलीनं वाक्य केलंच होतं, आणि ते घरात रोज ऐकलेलं वाक्य होतं. चूक एवढीच की तिचं क्रियापद सैल होतं. ‘करतो’ हे क्रियापद घेतलं तर चारही पर्याय बरोबर येतात, कारण मराठीत माणूस सगळंच करतो. लोहार ऐरणीवर काम करतो, न्हावी केस करतो, गवंडी भिंत करतो, आणि आपण सगळे उशीर करतो. म्हणून वर्गात मी सांगतो की वाक्यातलं क्रियापद असं घ्या, जे चारपैकी तीन जणांना अपमानास्पद वाटेल.

दुसरी भानगड दिशेची. ‘मोर : लांडोर :: म्हैस : ?’ असं दिलं की मुलं आनंदानं ‘रेडा’ लिहितात. प्राणी बरोबर, नातं उलटं. पहिल्या जोडीत नर आधी आहे, मग दुसरीत मादी आधी कशी येईल? खरं तर असा प्रश्न काढणाऱ्यानंच घोटाळा केलेला असतो. पण काही पत्रिकांत तो मुद्दाम पेरतात आणि पर्यायांत रेड्याच्या शेजारी रेडकू बसवतात. मूल विचार करतं, मोर, लांडोर, म्हैस, आणि हळूहळू एक अख्खं कुटुंब त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहतं. मग ते त्यातला जो सगळ्यात गोंडस दिसेल त्याला निवडतं.

पिल्लांचे प्रश्न मला त्यातल्या त्यात आवडतात. मराठीत प्रत्येक जनावराच्या पोराला वेगळं नाव मिळालं आहे: गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोड्याचं शिंगरू, हरणाचं पाडस. एकदा मी गटात न बसणारा शब्द विचारला: वासरू, रेडकू, करडू, छावा. उत्तर छावा, कारण बाकीची तिन्ही पाळीव जनावरांची पिल्लं आणि छावा सिंहाचा. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं. मला संशय आला. एरवी एवढं यश आमच्या वर्गाला झेपत नाही. कारण लिहायला लावलं तेव्हा उलगडा झाला. ‘बाकीचे सिनेमे नाहीत,’ असं एकानं लिहिलं होतं. दुसऱ्यानं ‘छावा शूर असतो, बाकीचे दूध पितात’. तिसऱ्यानं लिहिलं, ‘छावा तो असतो, बाकीची ती असतात’. हे तिसरं कारण माझ्या ध्यानातही नव्हतं आणि व्याकरणानं ते बिनचूक होतं. वासरू, रेडकू, करडू नपुंसकलिंगी, छावा पुल्लिंगी. माझ्या उत्तरापेक्षा त्याचं उत्तर अधिक भाषेचं होतं. माझं प्राणिशास्त्राचं होतं.

त्यानंतर माझ्या पत्रिकेत प्रत्येक प्रश्नाखाली एक रिकामी ओळ असते: ‘नाते : ______’. उत्तराला एक गुण आणि नात्याला एक. खऱ्या परीक्षेत ही सोय नाही. तिथं गोल काळा करायचा असतो आणि गोलाला कारण विचारता येत नाही. पण सरावात ही ओळ घातली की मूल कुठल्या रस्त्यानं आलं ते कळतं, आणि बऱ्याचदा ते आपल्या घरात खिडकीतून आलेलं असतं.

ही ओळ सगळ्यात जास्त गडबड करते ती समूहदर्शक शब्दांत. पाठ्यपुस्तकी यादी आपल्या सर्वांना पाठ असते. किल्ल्यांचा जुडगा, भाकरीची चवड, नाण्यांची चळत, लाकडांची मोळी, दरोडेखोरांची टोळी, आंब्यांची अढी. यादी गोड आहे. त्यातल्या किती गोष्टी मुलांनी पाहिल्या आहेत हा प्रश्न आपण विचारत नाही. एका घरात दोन किल्ल्या असतात, एक बाबांकडे आणि एक शेजारच्या काकूंकडे. त्यांचा जुडगा कधी होतच नाही. भाकरीची चवड व्हायला आधी भाकऱ्या उरायला लागतात.

आंब्याचं पाहा. ‘किल्ल्या : जुडगा :: आंबे : ?’ आणि पर्याय पेटी, अढी, घोस, डझन. मुंबईतल्या मुलानं पेटी लिहिलं तर त्याला चूक कसं म्हणायचं? एप्रिलमध्ये त्याच्या घरी आंबे पेटीनंच येतात, आणि ते परवडत नसलं तर डझनानं. दोन्ही आंब्यांचेच समूह आहेत. माझ्याबरोबर पत्रिका काढणाऱ्या बाई रत्नागिरीकडच्या. त्यांना तर अढीच मान्य नव्हती. “सर, अढी म्हणजे नुसता ढीग नाही हो. खाली पेंढा, त्यावर आंबे मांडायचे, वर पुन्हा पेंढा. मग वास सुटेपर्यंत घरातल्या पोरांना त्या खोलीत सोडायचं नाही. आंबे झाडाखाली पडलेत, त्याला अढी म्हटलंत तर आमचे आजोबा उठून बसतील.”

मी म्हटलं, “मग नातं काय लिहू?”

“लिहा, पिकत घातलेल्या वस्तूंचा समूह.”

“आणि किल्ल्या?”

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. किल्ल्या पिकत घालत नाहीत, हे त्यांनाही मान्य होतं. जोडीची खरी अडचण ही. नातं जितकं घट्ट करावं, तितकी दुसरी जोडी मिळणं कठीण होतं; नातं सैल सोडावं तर पेटी, डझन, घोस सगळे दारात उभे. शेवटी आम्ही पर्यायच बदलले. पेटी, घोस, डझन काढून मोळी, कळप आणि थवा घातले. आता आंब्यांच्या कळपाला कुणी पसंती देणार नाही अशी आमची समजूत होती. एका मुलानं थवा लिहिलंच. नात्याच्या ओळीत त्यानं लिहिलं होतं, ‘आंबा हे एका पोपटाचे आवडते फळ आहे’.

पेटी आणि अढीचा हा तंटा काही आपलीच खासियत नाही. अमेरिकेत महाविद्यालयप्रवेशाच्या एस.ए.टी. परीक्षेत असे जोडीचे प्रश्न अनेक वर्षं होते. त्यातला एक फार गाजला. धावपटूला मॅरेथॉन, तसं नावाड्याला काय? उत्तर होतं ‘रेगाटा’, म्हणजे होड्यांची शर्यत. ज्यांच्या घरची माणसं असल्या शर्यती बघायला जातात त्या पोरांना ते झटकन येणार, आणि बाकीच्यांनी बुद्धी कितीही लढवली तरी तो शब्द ऐकलेलाच नसला तर काय करणार, यावर पुष्कळ बोललं गेलं. 2005 साली परीक्षेतून जोडीचे प्रश्नच काढून टाकले. आपल्याकडे तसं काही होण्याची चिन्हं नाहीत. आपल्याकडे फार तर अंतरिम उत्तरसूची निघते, तिच्यावर आक्षेप मागवतात आणि मग अंतिम उत्तरसूची निघते. आठवीला तर काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही गोल रंगवावे लागतात. पेटीवाल्या पोरांचा तिथं निभाव लागेल असं कधी कधी वाटतं.

आता गटात न बसणाऱ्या शब्दांकडे येतो. जोडीच्या प्रश्नात निदान नात्याचा नमुना समोर असतो. इथं चार शब्द एका बाकावर बसवलेले असतात आणि त्यातल्या कुणाला उठवायचं ते तुम्ही ठरवायचं. काढायला हा प्रश्न सगळ्यात सोपा वाटतो, आणि फसायलाही. तीन सारखे घ्यायचे, एक वेगळा घालायचा, झालं. पण ज्या तीन शब्दांना तुम्ही सारखं समजता, ते एकमेकांना तसं समजत नाहीत.

मी एकदा मोठ्या हौसेनं हा प्रश्न काढला: इंदिरा संत, शांता शेळके, आरती प्रभू, बहिणाबाई चौधरी. उत्तर आरती प्रभू. बाकीच्या तिघी स्त्रिया आणि आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर. टोपणनावं पाठ केलेल्या मुलांना गुण, न केलेल्यांना धडा. मी खूश होतो. बाईंनी तो कागद घेतला आणि एकेका नावावर पेन्सिल टेकवून विचारू लागल्या. ही आमची नेहमीची चाचणी. चारही शब्दांना आळीपाळीनं वेगळं पाडून बघायचं. एकाहून जास्त शब्द वेगळे पडले तर प्रश्न बाद.

“बहिणाबाई,” बाई म्हणाल्या. “त्यांना लिहिता कुठं येत होतं? त्या ओव्या म्हणायच्या, कागदावर दुसऱ्यांनी उतरवल्या. बाकीचे तिघं लिहिणारे. झाल्या ना वेगळ्या?” झाल्या.

“शांताबाई. 1996 साली आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. चौघांत तो मान त्यांना एकट्यांनाच.” झाल्या.

“इंदिराबाई. आयुष्य बेळगावात गेलं. बाकीचे तिघं आजच्या महाराष्ट्रातले.” झाल्या.

चार शब्द, चार उत्तरं. मी म्हटलं, “आठवीला टाकू या. तिथं दोन बरोबर चालतात.” बाई म्हणाल्या, “तिथंही चार चालत नाहीत, सर.”

तरी या चार उत्तरांची किंमत सारखी नाही, आणि हे ओळखायची युक्ती आहे. वेगळ्या शब्दाकडे बघायचं सोडून उरलेल्या तिघांकडे बघायचं आणि त्यांना एक नाव द्यायचं. शांताबाईंना उठवलं तर उरलेल्यांचं नाव काय? ‘साहित्य संमेलनाचे अध्यक्ष न झालेले.’ या गटात मी आहे, तुम्ही आहात, आमच्या शाळेचा शिपाई आहे आणि सोसायटीचे सेक्रेटरी भाटीसुद्धा आहेत. ज्या गटात एवढी गर्दी मावते तो गट नव्हे, ती लोकसंख्या. ‘बेळगावात न राहिलेले’ तसंच. त्यात तर नेपोलियनपण बसतो. याउलट आरती प्रभूंना उठवलं की उरतात ‘कवयित्री’. बहिणाबाईंना उठवलं की ‘स्वतःच्या हातानं कविता लिहिणारे’. ही दोन्ही खरी नावं आहेत. ‘नाही’चा आधार न घेता ती सांगता येतात. म्हणजे चारातली दोन उत्तरं खोटी, दोन खरी. दोन खरी असली तरी पाचवीचा प्रश्न मेलाच. उपाय सोपा होता. बहिणाबाईंना सन्मानानं बाहेर काढलं, त्यांच्या जागी पद्मा गोळे आल्या आणि प्रश्न वाचला.

त्या चर्चेतून एक जोडी मात्र फुकटात मिळाली. शांता शेळक्यांनी काही गाणी डॉ. वसंत अवसरे या नावानं लिहिली होती. म्हणजे ‘खानोलकर : आरती प्रभू :: शांता शेळके : वसंत अवसरे’. नाते ‘खरे नाव : टोपणनाव’ असं लिहिलं तर बरोबर, पण मग कुसुमाग्रज, केशवसुत, ग्रेस सगळेच तिथं येऊन बसतात. ‘पुरुषानं घेतलेलं बाईचं नाव’ असं घट्ट केलं तर उलट्या बाजूनं शांताबाई येतात, दिशेसकट. अशी जोडी वर्षातून एखादी सापडते. ती पत्रिकेत घातली तेव्हा एका मुलीनं नात्याच्या ओळीत लिहिलं, ‘दोघेही आपण कोण ते सांगत नाहीत’. तिला मी दोन गुण दिले. बाईंनी तीन सुचवले होते.

उरलेल्यांना नाव द्या, ही अट मुलांना पटते. मोठ्यांना कमी पटते, आणि आजीला मुळीच पटत नाही. विळी, सुरी, किसणी, भोपळा यांतला वेगळा शब्द ओळखा असा प्रश्न घरी नेलेल्या एका मुलानं आजीला विचारलं. आजी म्हणाली, “वेगळं कशाला काढतोस? भोपळा नाही तर विळी घेऊन काय करू?” मुलगा म्हणाला, “अगं, बाकीची तीन हत्यारं आहेत.” आजी म्हणाली, “मग ती भिंतीला टांगून ठेवा.” दुसऱ्या दिवशी उत्तराच्या जागी त्यानं लिहून आणलं, ‘कोणीही नाही, भाजी करायची आहे’.

या आजीला सोव्हिएत संघात चांगली सोबत मिळाली असती. अलेक्झांडर लुरिया नावाचे मानसशास्त्रज्ञ 1931-32 साली उझबेकिस्तानात खेडोपाडी फिरले आणि त्यांनी शेतकऱ्यांना नेमका असाच प्रश्न विचारला. हातोडा, करवत, ओंडका, कुऱ्हाड. यातलं न बसणारं काय? शाळेत गेलेले लोक ओंडका काढत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या एका शेतकऱ्यानं काहीच काढायला नकार दिला. त्याचं म्हणणं, करवत लाकूड कापते, कुऱ्हाड फोडते, सगळेच लागतात. फार तर काही टाकायचंच झालं तर कुऱ्हाड टाका, करवतीइतकी ती कामाची नाही. बाकीची तीन हत्यारं आहेत, असंही त्याला सांगून झालं. तरी तो हलला नाही. लुरियांनी यातून मोठे निष्कर्ष काढले. शाळेत गेलेली माणसं वस्तूंना वर्गांच्या खणांत टाकतात, न गेलेली त्यांना कामाला लावतात, असा त्यांचा एकंदर रोख होता. पुस्तक बाहेर यायला मात्र चाळीसहून अधिक वर्षं गेली.

मला त्यात आमच्या पत्रिकेचं एक गुपित दिसतं. ‘हत्यारे’ हे नातं आणि ‘एका कामाला लागणारी मंडळी’ हे नातं, दोन्ही खरी आहेत. पत्रिकेला यातलं पहिलंच चालतं. पण हे आम्ही कुठंच लिहीत नाही. नुसतं ‘गटात न बसणारा शब्द ओळखा’ एवढं छापतो आणि गट कुठल्या धर्तीचा ते मुलानं मनातलं ओळखायचं. नवं मूल हमखास आजीच्या पद्धतीनं सुरुवात करतं. गाय, कोंबडी, गवत म्हटलं की ते गाय आणि गवत एकत्र ठेवतं, कारण गाय गवत खाते. दोन-तीन महिन्यांत ते शिकतं की शाळेत गाय गवत खात नाही, ती कोंबडीबरोबर ‘प्राणी’ म्हणून राहते. मी आता सूचनेत दोन शब्द वाढवले आहेत: ‘प्रकार पाहून गटात न बसणारा शब्द ओळखा’. त्या दोन शब्दांनी निम्मे तंटे मिटले. आजीचा मिटलेला नाही.

जुन्या पत्रिका चाळल्या की आणखी एक करमणूक होते. ‘बाबा : कचेरी :: आई : ?’ असे प्रश्न त्यांत सर्रास आहेत आणि उत्तर ‘स्वयंपाकघर’. अशीच एक ओळ गंमत म्हणून वर्गात फळ्यावर लिहिली तर उत्तरं आली मीटिंग, बँक, पार्लर, दवाखाना (ती मुलगी डॉक्टरीणबाईंची), आणि एका मुलानं लिहिलं ‘बाबांची कचेरी’. नात्याच्या ओळीत त्यानं खुलासा केला होता, ‘आई फोन करून बाबा तिथेच आहेत का ते बघते’.

ही नात्याची ओळ आता मी काढणार नाही, तपासायला कितीही वेळ लागला तरी. परवाच्या पत्रिकेत मी दिलं होतं: ‘पाऊस : छत्री :: थंडी : ?’ उत्तर स्वेटर, नाते ‘त्रास आणि त्यापासून बचावाची वस्तू’. बहुतेकांना आलं. त्याखाली लिहिलं होतं, ‘अशीच एक जोडी तयार करा व नाते लिहा.’ ऊन : टोपी, डास : मच्छरदाणी, चोर : कुलूप अशा शहाण्या जोड्या आल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलानं लिहिलं होतं:

पाऊस : छत्री :: परीक्षा : पोटदुखी.

मी चुकीची खूण करणार होतो. पोटदुखी ही बचावाची वस्तू नव्हे, शिवाय ती वस्तूच नव्हे, म्हणजे नात्यातही बसत नाही आणि व्याकरणातही. बाईंनी माझा हात धरला आणि खालच्या ओळीकडे बोट दाखवलं.

‘नाते : पहिले येणार असे दिसले की दुसरे घरातून बाहेर निघते.’